‘यासारखे लेख’ आणि बीजशब्दांची निवड

मराठी नियतकालिकांचे जुने अंक संगणकावर चढविण्याचे काम आता अनेक ठिकाणी सुरू आहे. अशा संग्रहात एखादा लेख उघडला की त्याच्या शेजारी ‘यासारखे लेख’ अशी पाच-दहा नावांची यादी पुष्कळदा दिसते. प्रबंधाची पूर्वतयारी करणारा विद्यार्थी ही यादी पाहतो आणि आपल्या विषयावरील पूर्वीचे लेखन जवळपास हाती लागले, असे गृहीत धरतो. या गृहीतकाची तपासणी हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ती यादी लेखाच्या अर्थावरून तयार होत नाही. लेखातून निवडलेल्या साधारणपणे पंचवीस शब्दांवरून ती तयार होते, आणि हे पंचवीस शब्द कोणते, हा प्रश्न मराठीच्या बाबतीत यंत्रापेक्षा व्याकरणाचा, शुद्धलेखनाच्या इतिहासाचा आणि आपल्या गद्यशैलीचा अधिक आहे. म्हणूनच ही निवड संगणक-तंत्रज्ञांवर सोपवून मराठीच्या अभ्यासकांना स्वस्थ बसता येणार नाही, असे माझे मत आहे.

१. पंचवीस शब्द कसे निवडले जातात

ग्रंथालये व संग्रह यांच्या शोधयंत्रणांत ल्यूसीन ही मुक्त प्रणाली फार मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. डग कटिंग यांनी १९९९ मध्ये ती तयार केली. सोलर आणि इलॅस्टिकसर्च ही तिच्यावरच उभारलेली दोन परिचित साधने होत. ‘यासारखे लेख’ शोधण्याची सोय या तिन्हींत आहे आणि तिची रीत एकच आहे.

वाचकाने निवडलेला लेख आपण आधारलेख म्हणू. यंत्रणा प्रथम आधारलेखातील प्रत्येक शब्द किती वेळा आला ते मोजते. ही त्या शब्दाची वारंवारता. नंतर तोच शब्द संपूर्ण संग्रहातील किती लेखांत आला ते पाहते. ही त्याची लेखसंख्या. वारंवारता अधिक आणि लेखसंख्या कमी, तो शब्द या लेखाचा खास शब्द, असा तर्क येथे आहे. शब्द जितक्या कमी लेखांत आढळेल तितका तो भेद दाखविण्यास अधिक उपयोगी, ही कल्पना केरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडली. तिचा आधार आजही सुटलेला नाही. ल्यूसीनमध्ये बीजशब्द निवडताना प्रत्येक शब्दाला पुढीलप्रमाणे गुण दिले जातात.

```
score(t) = tf(t) × ( 1 + ln( (N+1) / (df(t)+1) ) )
```

येथे `tf` म्हणजे वारंवारता, `df` म्हणजे लेखसंख्या आणि `N` म्हणजे संग्रहातील एकूण लेख. गुणाकारातील कंसातल्या भागाला आपण विरलता-गुणक म्हणू. गुण देण्यापूर्वी दोन चाळण्या लावल्या जातात. आधारलेखात दोनदा तरी न आलेला शब्द वगळला जातो आणि संग्रहातील पाच लेखांत तरी न आढळणारा शब्दही वगळला जातो. उरलेल्यांतील सर्वाधिक गुणांचे पंचवीस शब्द घेऊन त्यांचीच एक पृच्छा तयार होते आणि ती संग्रहावर चालविली जाते. दोन, पाच आणि पंचवीस हे आकडे कोणी बदलले नाहीत तर आपोआप लागू असतात. आणि ते बदलले गेल्याचे क्वचितच आढळते.

ही सर्व मोजणी ‘शब्दा’ची आहे, असे आपण म्हणतो, पण यंत्रणेच्या लेखी शब्द म्हणजे दोन रिकाम्या जागांमधील अक्षरसमूह. ‘ओवी’ आणि ‘ओवीत’ हे तिच्या दृष्टीने ‘ओवी’ आणि ‘नाटक’ यांच्याइतकेच भिन्न आहेत. मराठीच्या अडचणींचा आरंभ येथूनच होतो.

२. एका लेखाचे उदाहरण

पुढील उदाहरणातील आकडे विवेचनासाठी कल्पिलेले आहेत; मात्र मराठी समीक्षालेखाची ठेवण ज्यांना परिचित आहे त्यांना ते अस्वाभाविक वाटू नयेत. समजा, एका संग्रहात १२०० लेख आहेत. आधारलेख जात्यावरच्या ओव्यांविषयी असून सुमारे चार हजार शब्दांचा आहे. त्यात ‘ओवी’ हा शब्द सर्व रूपे धरून ४६ वेळा आला आहे. परंतु यंत्रणेला ४६ ही संख्या कोठेच दिसत नाही. तिला ‘ओवी’ ९ वेळा, ‘ओव्या’ ८, ‘ओवीत’ ५, ‘ओवीच्या’ ४, ‘ओव्यांमध्ये’ ४, ‘ओव्यांची’ ३, ‘ओव्यांतून’ ३, ‘ओवीचा’ २, ‘ओव्यांना’ २ आणि आणखी सहा रूपे प्रत्येकी एकदा, अशी पंधरा भिन्न पदे दिसतात. एकेकदा आलेली सहा रूपे पहिल्याच चाळणीत जातात. ‘ओव्यांतून’ हे रूप संग्रहातील चारच लेखांत असल्यामुळे दुसऱ्या चाळणीत जाते. उरलेली आठ रूपे आपापल्या तुटपुंज्या वारंवारतेनिशी स्पर्धेत उतरतात.

आता गुण पाहू. ‘ओवी’ हे रूप १५० लेखांत आढळते असे धरले, तर त्याचा विरलता-गुणक ३.०७ येतो आणि गुण होतात २७.७. ‘ओव्या’ ९५ लेखांत असेल तर त्याचे गुण २८.२. ‘ओवीत’ ४० लेखांत असेल तर २१.९. याच लेखात ‘आहे’ १२० वेळा आला आहे आणि तो ११९५ लेखांत आहे. त्याचा विरलता-गुणक जवळजवळ १ आहे. तरीही गुण होतात १२० हून थोडे अधिक. ‘आणि’ ७० वेळा आला असेल तर त्यालाही ७० गुण मिळतात. सर्वत्र आढळणाऱ्या शब्दाला शून्य गुण मिळतील, अशी वाचकाची अपेक्षा असते. पण वरील सूत्रात विरलता-गुणक एकाच्या खाली जातच नाही, म्हणून लांब लेखात केवळ वारंवारतेच्या बळावर ‘आहे’, ‘आणि’, ‘या’, ‘हे’, ‘असे’, ‘नाही’ हे शब्द विषयशब्दांच्या पुढे जातात. आपल्या उदाहरणात पंचविसांपैकी अठरा जागा अशा शब्दांनी व्यापल्या असे समजू. उरलेल्या सात जागांत ‘ओवी’ आणि ‘ओव्या’ ही दोनच रूपे शिरतात. ४६ उल्लेखांपैकी १७ उल्लेखांनाच बीजशब्दांत स्थान मिळते.

या अठरा शब्दांचा पुढील दुष्परिणाम असा की, ते शोधाच्या वेळी प्रत्यक्षात काहीच काम करीत नाहीत. शोधाच्या टप्प्यावर गुण देण्याची रीत निराळी आहे; तेथे ‘आहे’ला जवळजवळ शून्य किंमत मिळते. म्हणजे अठरा जागा वाया गेल्या. इलॅस्टिकसर्चमध्ये बीजशब्दांपैकी किमान ३० टक्के ज्या लेखात असतील तोच लेख विचारात घ्यावा, असा मूळ नियम आहे. पंचविसांचे तीस टक्के म्हणजे सात शब्द. ते सात शब्द ‘आहे’, ‘आणि’, ‘या’ यांनीच पूर्ण होतात, त्यामुळे ही अट संग्रहातील प्रत्येक लेख पुरी करतो आणि तिला काही अर्थ उरत नाही. यादीचा क्रम अखेर उरलेल्या सात शब्दांवर ठरतो.

३. आदरार्थी गद्याचा परिणाम

त्या सात शब्दांत दोन शब्द विशेष लक्षणीय आहेत. आधारलेखकाने लोकसाहित्याच्या संकलक व अभ्यासक सरोजिनी बाबर यांच्या कार्याचा आधार घेतला आहे. ‘बाबर’ हा शब्द लेखात १४ वेळा आणि ‘सरोजिनी’ ११ वेळा आला आहे. संग्रहात ते अनुक्रमे २९ आणि ३३ लेखांत आहेत. त्यांचे गुण ६५.७ आणि ५०.२ होतात. लेखाचा विषय ओवी असताना तिच्या कोणत्याही रूपाला ‘बाबर’च्या निम्मेही गुण मिळत नाहीत.

यामागचे कारण पूर्णतः मराठीचे आहे. औपचारिक मराठी गद्यात आपण हयात किंवा अलीकडच्या व्यक्तीचा उल्लेख ‘सरोजिनी बाबर यांनी’, ‘बाबर यांच्या मते’, ‘बाबर यांचे संकलन’ असा करतो. विभक्तिप्रत्यय आदराच्या ‘यां’ला लागतो आणि नाव निखळ राहते. त्यामुळे व्यक्तिनामाचे सर्व उल्लेख एकाच रूपात साठतात, तर सामान्यनामे प्रत्ययागणिक विखुरतात. आपल्या लेखनातील शिष्टाचार यंत्रणेच्या हिशेबात व्यक्तीला विषयाहून मोठे करतो. ज्यांच्या नावालाच प्रत्यय जोडण्याची रीत आहे अशा संतांची व ऐतिहासिक व्यक्तींची नावे मात्र ‘ज्ञानेश्वरांनी’, ‘तुकारामांच्या’, ‘नामदेवांचा’ अशी विखुरतात. याचा एक गमतीचा परिणाम असा की, मोगल बादशहाविषयीचा लेख आपल्या यादीत सहसा येणार नाही. तेथे ‘बाबराने’, ‘बाबराच्या’ अशीच रूपे बहुधा असतील. ‘बाबर यांनी’ असणार नाही. पण हा योगायोगाने मिळालेला लाभ आहे.

शोधाच्या टप्प्यावरही नावांचीच सरशी होते. तेथे एखाद्या शब्दाच्या वारंवारतेचा प्रभाव लवकर मंदावतो आणि विरलतेला महत्त्व येते. वरील लेखसंख्या धरल्या तर तेथील विरलतेचा आकडा ‘बाबर’साठी ३.७१ आणि ‘ओवी’साठी २.०८ येतो. परिणामी ‘यासारखे लेख’ या मथळ्याखाली सरोजिनी बाबर यांचा उल्लेख असणारे लेख प्रथम येतात. मग तो लेख उखाण्यांवरचा असो, सणांवरचा असो की एखाद्या संस्थेच्या इतिहासावरचा. ज्या लेखकाने बाबर यांचा उल्लेख न करता ओव्यांचे सूक्ष्म विश्लेषण केले आहे, तो मागे पडतो. समीक्षेच्या क्षेत्रात याचा अर्थ गंभीर आहे. ज्यांची नावे आधीच पुन्हापुन्हा घेतली जातात त्यांच्याभोवतीचे लेखन पुढे येते आणि त्या वर्तुळाबाहेरचे लेखन नव्या अभ्यासकाला दिसतच नाही.

४. शुद्धलेखनाची भिंत

आता संग्रहातील १८० लेख जुन्या शुद्धलेखनातील आहेत असे समजू. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये आले आणि अनुच्चारित अनुस्वार लेखनातून गेले. त्यापूर्वीच्या लेखांत ‘हें’, ‘तें’, ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘ओंवी’, ‘घरांत’ अशी रूपे आहेत. संग्रह करणाऱ्यांनी वगळावयाच्या शब्दांची यादी केली असली, तरी ती बहुधा आजच्या लेखनातील असते. तिच्यात ‘हे’ असते; ‘हें’ नसते.

अशा जुन्या लेखाला आधारलेख केले तर काय घडते? ‘हें’ ६० वेळा आला आणि १७८ लेखांत असला, तर त्याचे गुण १७४ होतात. ‘नाहीं’ २४ वेळा येऊन १८० लेखांत असला, तर ६९. हे शब्द आता केवळ वारंवारतेवर नव्हे, तर ‘विरलते’वरही गुण मिळवितात, कारण संग्रहाच्या दृष्टीने ते खरोखरच थोड्या लेखांत आहेत. सर्वत्र आढळणारे शब्द वगळण्याचा उपायही येथे लागू पडत नाही. यंत्रणा जुन्या लेखासारखे म्हणून जुनेच लेख काढून देते, त्यांचा विषय काहीही असो. विद्यार्थ्याला वाटते की १९६२ पूर्वी ओवीवर झालेले लेखन आणि नंतरचे लेखन यांत काही संवादच नव्हता. प्रत्यक्षात त्यांच्यामध्ये अनुस्वाराची भिंत असते.

ही भिंत पाडण्याचा उपाय सरधोपट असू शकत नाही. सर्वच अनुस्वार काढले तर ‘संत’चे ‘सत’ आणि ‘रंग’चे ‘रग’ होईल. शब्दाच्या अखेरीस े, ी, ो किंवा ा या स्वरचिन्हानंतर येणारा अनुस्वार काढणे बऱ्याच अंशी सुरक्षित आहे. त्याने ‘हें’, ‘तें’, ‘नाहीं’, ‘जातें’ ही रूपे आजच्या रूपांना मिळतात आणि ‘सगळं’, ‘केलं’ यांसारख्या बोलीतील रूपांना धक्का लागत नाही. ‘ओंवी’, ‘नांव’, ‘गांव’, ‘कांही’ यांसारख्या शब्दांची मात्र स्वतंत्र यादीच करावी लागते. ती यादी करण्याची पात्रता मराठीच्या अभ्यासकाजवळ आहे, प्रणाली उभारणाऱ्याजवळ नाही.

५. प्रत्यय तोडावेत कोठे?

विखुरलेली रूपे एकत्र आणण्यासाठी प्रत्यय तोडावेत, हे ओघानेच येते. आपल्या उदाहरणातील सर्व रूपे ‘ओवी’ या एका पदाखाली आली आणि त्या पदाची एकूण लेखसंख्या २१० झाली, तर विरलता-गुणक २.७४ इतका कमी होऊनही गुण १२६ होतात. ‘बाबर’चे ६५.७ मग दुय्यम ठरतात, आणि ते तसेच असावयास हवेत. एका सुधारणेने लेखाचा विषय पहिल्या स्थानी येतो.

परंतु हे काम दिसते तितके सोपे नाही. हिंदीसाठी ल्यूसीनमध्ये प्रत्ययछेदाची सोय आहे आणि देवनागरी म्हणून ती मराठीला लावण्याचा मोह होतो. ती हिंदीचे प्रत्यय जाणते. ‘घरात’ मधला ‘त’ तिला ठाऊक नाही. मराठीचे स्वतःचे नियम करावयाचे म्हटले तर शब्दाच्या शेवटचा ‘त’, ‘ला’, ‘ची’ आंधळेपणाने तोडता येत नाही. तसे केल्यास ‘लोकगीत’चे ‘लोकगी’, ‘कला’चे ‘क’ आणि ‘सूची’चे ‘सू’ होते. म्हणून प्रत्यय तोडल्यानंतर उरलेले रूप एखाद्या शब्दाचे सामान्यरूप आहे किंवा नाही, हे कोशाच्या आधारे पाहिले पाहिजे.

त्याहून मोठी अडचण सामान्यरूपापासून मूळ शब्दाकडे जाण्याची आहे, आणि आपला आधारलेखच तिचे उत्तम उदाहरण आहे. त्याचा दुसरा विषयशब्द ‘जाते’ हा. दळण्याचे ‘जाते’ आणि ‘गायली जाते’, ‘मानली जाते’ मधले क्रियापद यांचे लेखन एकच आहे. मराठी समीक्षेत कर्मणी रचना विपुल असल्यामुळे ‘जाते’ हा अक्षरसमूह १०८० लेखांत आढळतो असे धरू. आधारलेखात तो ३३ वेळा आहे. त्यांपैकी दळण्याचे जाते १२ वेळाच आहे. त्याला ३६.५ गुण मिळून तो बीजशब्दांत येतो खरा, पण विषयशब्द म्हणून नव्हे, ‘आहे’च्या पंगतीतला म्हणून. सर्वत्र आढळणारे शब्द वगळले की तोही जातो आणि जात्यावरच्या ओव्यांच्या लेखातून जातेच नाहीसे होते.

येथे सामान्यरूप मदतीला येते. ‘जात्यावर’, ‘जात्याच्या’, ‘जात्याशी’ या रूपांत क्रियापदाचा संशय नाही. विभक्ती लागताच नाम क्रियापदापासून वेगळे ओळखू येते. मग एखाद्या उत्साही प्रत्ययछेदकाने ‘जात्यावर’चे ‘जात्या’ आणि पुढे ‘जात’ केले, तर आपण काय मिळविले? ‘जात’ म्हणजे वर्ण-जातीतली जात, आणि ‘केले जात असे’ मधले क्रियारूपही. ‘जाते’चे अनेकवचन ‘जाती’, तेही ‘जात’च्या अनेकवचनाशी आणि ‘जातीचा’ मधल्या सामान्यरूपाशी एकरूप. अशा छेदानंतर ओव्यांच्या लेखाशेजारी जातिव्यवस्थेवरील लेखांची रांग लागेल आणि तिचे कारण वाचकाला कधीच कळणार नाही.

यावरून माझे म्हणणे असे आहे की मराठीसाठी प्रत्यय तोडून सामान्यरूपापाशी थांबणे हा पहिला टप्पा मानावा. ‘जात्या’, ‘ओवी’, ‘ओव्यां’, ‘माणसा’ ही रूपे तशीच ठेवावीत. सामान्यरूप मूळ शब्दाला जोडण्याचे दुसरे काम केवळ कोशाच्या साहाय्याने आणि जेथे संदिग्धता नाही तेथेच करावे. ‘ओव्यां’ला ‘ओवी’शी आणि ‘माणसा’ला ‘माणूस’शी जोडण्यास हरकत नाही, ‘जात्या’ला कशाशीही जोडू नये. अधिक तोडणे म्हणजे अधिक चांगला शोध, हा समज मराठीत खरा ठरत नाही.

६. लहान संग्रहाची मापे

पाच लेखांत तरी न आढळणारा शब्द वगळावा, या नियमामागील विचार उघड आहे. असे शब्द पुष्कळदा मुद्रणदोष किंवा अक्षरवाचनातील चुका असतात आणि लाखो लेखांच्या संग्रहात त्यांच्यावाचून काही अडत नाही. परंतु बाराशे लेखांच्या संग्रहात पाच ही मर्यादा फार मोठी आहे. समजा, ‘दळणकांडण’ हा शब्द आधारलेखात आहे आणि आणखी दोनच लेखांत आहे. ते दोन लेखच आधारलेखाचे खरे सोबती असण्याचा संभव अधिक. नियमाने तो शब्द बाद होतो, आणि नाते सांगणारा धागाच तुटतो. लेखसंख्येत आधारलेख स्वतःही मोजला जातो, म्हणून किमान दोन ही मर्यादा पुरेशी आहे. केवळ आधारलेखातच असलेला शब्द दुसरा लेख शोधू शकत नाही; तेवढाच वगळावा.

वरच्या बाजूलाही मर्यादा हवी. निम्म्याहून अधिक लेखांत, म्हणजे आपल्या संग्रहात ६०० हून अधिक लेखांत आढळणारा शब्द बीजशब्द होऊ नये. या एका अटीने ‘आहे’, ‘आणि’, क्रियापदी ‘जाते’ हे सर्व बाहेर जातात आणि अठरा जागा मोकळ्या होतात. सोलरमध्ये हे पुढीलप्रमाणे मागता येते.

```
/solr/lekh/mlt?q=id:417&mlt.fl=majkur
  &mlt.mintf=2&mlt.mindf=2&mlt.maxdf=600
  &mlt.maxqt=25&mlt.boost=true
  &mlt.interestingTerms=details
```

(येथे ओळी वाचनासाठी तोडल्या आहेत, प्रत्यक्षात हा एकसलग पत्ता असतो. `lekh`, `majkur` आणि `417` ही संग्रहाच्या, मजकुराच्या क्षेत्राच्या आणि आधारलेखाच्या क्रमांकाची कल्पित नावे.) यातील शेवटचा घटक माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे. त्याने निवडलेले बीजशब्द आणि त्यांचे भार उत्तरासोबत मिळतात. त्याच्या आधीचा घटक नसेल तर सर्व शब्दांचा भार सारखाच, म्हणजे १, दिसतो. यादी बिघडली आहे की नाही, हे यादी पाहून ओळखणे कठीण असते. शीर्षके विश्वसनीय वाटतात. बीजशब्द पाहिले की दोन मिनिटांत कळते. त्यात ‘हें’ आणि ‘नाहीं’ दिसले तर भिंत शुद्धलेखनाची आहे. निम्मी व्यक्तिनामे दिसली तर आदरार्थी गद्याचा परिणाम आहे. एकाच शब्दाची चार रूपे चार जागा अडवून बसली असतील तर प्रत्यय तोडलेले नाहीत.

७. या रीतीची खरी मर्यादा

एवढे सर्व केल्यानंतरही दोन गोष्टी या रीतीला साधणार नाहीत. पहिली, एका शब्दाचे दोन विषय. ज्ञानेश्वरीतील ओवी आणि जात्यावरची ओवी या दोहोंचे नाव एक, परंतु एकीचा अभ्यास ग्रंथरचनेच्या व तत्त्वज्ञानाच्या अंगाने होतो, तर दुसरीचा स्त्रियांच्या मौखिक परंपरेच्या अंगाने. ‘ओवी’ला १२६ गुण मिळाल्यावर ज्ञानेश्वरीवरील लेखही यादीत येणार, ‘जात्या’, ‘दळण’, ‘माहेर’ हे शब्द बीजशब्दांत असले तरच ते खाली राहतील. दुसरी, एका विषयाची दोन नावे. एखाद्या लेखकाने याच गीतांना आरंभापासून अखेरपर्यंत ‘स्त्रीगीते’ म्हटले असेल, तर तो लेख कितीही जवळचा असला तरी समान शब्दांअभावी मागे राहील.

शब्दांऐवजी संपूर्ण मजकुराचे अर्थदर्शक अंकांत रूपांतर करून सादृश्य शोधण्याच्या रीती आता उपलब्ध आहेत आणि या दुसऱ्या अडचणीत त्यांचा उपयोग होतो, हे मान्य केले पाहिजे. मात्र तेथे दोन लेख सारखे का ठरले, याचे कारण वाचकापुढे ठेवता येईल अशा शब्दांत मिळत नाही. बीजशब्दांच्या रीतीत ते मिळते. पंचवीस शब्दांची यादी समोर ठेवून ‘हा शब्द येथे का?’ असा प्रश्न विचारता येतो, त्यावर वाद घालता येतो आणि ती सुधारता येते. संशोधनाच्या शिस्तीला हा गुण लहान नाही.

म्हणून संग्रह उभारणाऱ्या विभागांकडून तीन गोष्टींची अपेक्षा करणे मला रास्त वाटते. ‘यासारखे लेख’ या यादीशेजारी ती ज्या शब्दांवरून निघाली ते शब्द वाचकाला दाखवावेत आणि त्यांतील नको तो शब्द वगळून पुन्हा शोधण्याची मुभा द्यावी. वगळावयाच्या शब्दांची यादी जुन्या लेखनासह विभागातील अध्यापकांनी तयार करावी आणि ती प्रकट करावी. आणि सामान्यरूपे जोडणारा कोश एखाद्या भाषाविषयक प्रकल्पाप्रमाणे विद्यार्थ्यांकडून शब्दागणिक तपासून घ्यावा. एम.ए.च्या एखाद्या वर्गाला हजार नामांची सामान्यरूपे तपासण्याचे काम दिले तर व्याकरणाचा अभ्यास होईल आणि संग्रहालाही त्याचा कायमचा लाभ मिळेल.

विद्यार्थ्यापुरते सांगावयाचे तर एवढेच. यादीतील लेख अवश्य वाचावेत. पण त्याआधी बीजशब्द मागावेत. ते दाखविण्याची सोय नसेल, तर आपल्या विषयशब्दाची सामान्यरूपे आणि जुनी रूपे स्वतः लिहून काढून एकेक शोधावीत: ‘ओवी’, ‘ओव्या’, ‘ओव्यांची’, ‘ओंवी’, ‘ओंव्या’. या साध्या खटाटोपात सापडणारे, परंतु यादीत नसलेले लेख किती, यावरून ती यादी किती भरवशाची होती हे कळून येईल.